चारचा च आणि चौदाचा च

आधी दोन आकडे मोठ्यानं म्हणून पाहा: चार, चौदा. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते त्यांना लगेच जाणवेल की हे दोन च एक नाहीत. 'चार' म्हणताना जीभ टाळूला टेकते, 'चिमणी' म्हणताना टेकते तशी. 'चौदा' म्हणताना जिभेचं टोक पुढे, वरच्या दातांच्या मुळाशी जातं, 'चोर' किंवा 'चूल' म्हणताना जातं तसं. पहिल्याला तालव्य च म्हणतात, दुसऱ्याला दंततालव्य. आपली लिपी दोघांना एकच अक्षर देते, त्यामुळे शाळेत याचा उल्लेखही क्वचित होतो. या लेखात दंततालव्य उच्चार दाखवायचा तिथे मी खाली टिंब देईन: च़ौदा, च़ोर, ज़वळ.

या दोन च मधून भाषाविज्ञानातल्या एका जुन्या वादात शिरता येतं. एखादा उच्चार बदलतो तेव्हा तो भाषेतल्या सगळ्या शब्दांत एकदम बदलतो, की एकेक शब्द करत पसरत जातो? पहिलं मत 1870च्या दशकात जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये जमलेल्या तरुण अभ्यासकांचं. त्यांना नवव्याकरणकार म्हणतात. दुसऱ्या मताला गेल्या पन्नास-साठ वर्षांत शब्दशः प्रसरण असं नाव मिळालं. या वादात मी तटस्थ नाही. माझ्या मते पहिलं मत अभ्यासाची सुरुवात म्हणून सोडता येत नाही, आणि दुसऱ्या मताकडे आपण फार लवकर धावतो. तरीही एका विशिष्ट जागी दुसरं मतच खरं आहे, आणि ती जागा कोणती हे आपल्या च आणि ज मध्येच दिसतं.

नवव्याकरणकारांचं म्हणणं थोडक्यात असं. आउगुस्ट लेस्किन यांनी 1876 मध्ये आणि त्यानंतर दोन वर्षांनी ओस्टहोफ आणि ब्रुगमान यांनी ठामपणे मांडलं की ध्वनिनियमांना अपवाद नसतात. उच्चार बदलतो तेव्हा बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द नसतो, ध्वनी असतो. त्यामुळे तोच ध्वनी त्याच शेजाऱ्यांसह जिथे जिथे येईल तिथे तिथे बदलला पाहिजे, मग शब्द कोणताही असो. अपवाद दिसलाच तर त्यामागे तीनपैकी एक कारण असणार: नियमाची एखादी अट आपल्या नजरेतून सुटली असेल, किंवा तो शब्द बदल होऊन गेल्यावर बाहेरून आला असेल, किंवा शेजारच्या रूपाची नक्कल होऊन मूळचं रूप पुसलं गेलं असेल. म्हणजे अट, उसनवारी आणि सादृश्य.

सुटलेली अट सापडण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाचं, 1875चं. संस्कृतमधल्या 'भ्रातृ' आणि 'पितृ' या दोन्ही शब्दांत मध्ये त आहे. जर्मनमध्ये त्यांचे भाऊबंद म्हणजे ब्रूडर आणि फाटर. इथे मधली व्यंजनं वेगवेगळी का झाली, हे कोडं बरीच वर्षं सुटलेलं नव्हतं. व्हेर्नर यांनी वैदिक स्वर पाहिले. 'भ्रातर्' मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर, 'पितर्' मध्ये दुसऱ्यावर. ज्या त च्या लगेच आधी आघात होता तो एका वाटेनं गेला, नव्हता तो दुसऱ्या वाटेनं. जर्मनिक भाषांनी तो जुना आघात केव्हाच गमावला होता, पण त्याची खूण व्यंजनात उरली होती. 'काही शब्दांत असं झालं, काहींत तसं' म्हणून कुणी थांबलं असतं तर ही गोष्ट कधी कळलीच नसती. म्हणूनच मला नवव्याकरणकारांचा हट्ट मोलाचा वाटतो. तो माणसाला पुढे शोधायला लावतो.

आता आपल्याकडे वळू. मराठीचा नियम दिसायला सरळ आहे. प्राकृतातून वारशानं आलेला च किंवा ज पुढे इ, ए किंवा य असेल तर तालव्य राहिला, आणि अ, आ, उ, ओ असेल तर पुढे सरकून दंततालव्य झाला. म्हणून चिमणी आणि जेवण, पण च़ूल, च़ोर, ज़ुना, ज़वळ. एकाच शब्दात दोन्ही सापडतात. 'चिंच' म्हणून पाहा: पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. आता 'चिंचेचं' म्हणा. 'चिंच़' मधला दुसरा च पुढे ए आल्यावर टाळूकडे परतला, आणि शेवटच्या 'च़ं' मधला पुढे राहिला. हे आपण विचार न करता करतो.

पण अपवादांची यादीही लांब आहे. 'चंद्र' मधला च तालव्य आहे, पुढे अ असूनही. 'पुस्तक वाच़ा' म्हणताना एक च आणि 'वाचा बसली' म्हणताना दुसरा. 'मी विचार करतो' मध्ये तालव्य, 'मी विच़ारतो' मध्ये दंततालव्य. 'सारं जग' मध्ये तालव्य, 'सुखानं ज़ग' मध्ये दंततालव्य. लिहिताना तंतोतंत सारखे असलेले शब्द, पुढचा स्वर तोच, तरी उच्चार दोन. मराठीच्या बाहेरच्या एखाद्या अभ्यासकाला फक्त हे शब्द ध्वनिमुद्रित करून दिले आणि संस्कृतबद्दल काहीच सांगितलं नाही, तर तो काय म्हणेल? तो म्हणेल की हा बदल शब्दाशब्दानं पसरत होता, अर्ध्या वाटेवर थांबला आणि हे शब्द मागे राहिले. त्याच्या हातातला पुरावा त्याला तिकडेच नेईल, आणि त्याचं उत्तर चुकलेलं असेल.

कारण आपल्याला माहीत आहे की 'चंद्र', 'वाचा', 'विचार', 'जग' हे तत्सम शब्द आहेत. ते पोथीतून, कीर्तनातून, पंडितांच्या तोंडून संस्कृत उच्चारासह आले आणि त्याच उच्चारासह जपले गेले. चंद्राचं वारशानं आलेलं नातं बघायचं तर 'च़ांदणं' आणि 'च़ांदोबा' म्हणून पाहा. तिथे नियम बरोबर लागू झालाय. मूळ एकच, पण एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आला आणि दुसरा नंतर ग्रंथातून.

'विच़ारणं' ची गोष्ट याहून बारीक आहे. दोन स्वरांमधला एकटा च प्राकृतात सहसा गळून जातो. 'सूची' ची 'सुई' झाली ती तशीच. म्हणजे 'विच़ारणं' मध्ये च टिकलाय याचाच अर्थ तोही संस्कृतातून घेतलेला शब्द आहे. मग त्याचा च दंततालव्य कसा? तो आधी आला, रोजच्या बोलण्यात क्रियापद म्हणून रुळला आणि घरच्या शब्दांसारखा वागू लागला. 'विचार' हे नाम मात्र शास्त्राच्या आणि धर्माच्या भाषेशी जोडलेलं राहिलं, आणि त्या भाषेनं त्याचा उच्चार सांभाळला. शब्दांचे हे थर वेगळे केले की अपवादांची लांबलचक यादी झपाट्यानं आखडते.

तरीही 'चार' उरतो. हा शब्द पोथीतून आला असं कुणी म्हणणार नाही. बाजारात, शेतात, गोठ्यात रोज लागणारा आकडा आहे. 'गुरांना च़ारा घाल' मध्ये दंततालव्य आणि 'चार गुरं' मध्ये तालव्य, पुढचा स्वर दोन्हीकडे आ. इथे उसनवारीचं दार बंद झालं. नक्कल म्हणावी तर कुणाची? 'च़ौथा', 'च़ौदा', 'च़ौक' हे जवळचे शब्द दंततालव्य आहेत. त्यांची नक्कल झाली असती तर 'च़ार' झालं असतं. उरली अट.

अट जुन्या लेखनात सापडते. जुन्या मराठीत हा आकडा 'च्यारि' असा येतो, आणि पुढे मोडीच्या काळातल्या कागदांतही 'च्यार' असं लिहिलेलं दिसतं. च च्या पुढे य होता. संस्कृत 'चत्वारि', प्राकृत 'चत्तारि', मग मधलं व्यंजन जाऊन दोन स्वरांमध्ये य आला आणि त्याचा 'च्यारि' झाला. दंततालव्य होण्याचा नियम आला तेव्हा या शब्दातला च य ला लागून होता, म्हणून तो टाळूवरच राहिला. नंतर य नाहीसा झाला आणि आपल्याला अपवाद दिसू लागला. उलट 'चतुर्थ', 'चतुर्दश', 'चतुष्क' यांच्यात 'चतु' चा 'चउ' झाला, य आलाच नाही, म्हणून च़ौथा, च़ौदा, च़ौक.

स्पष्टीकरण खरं असेल तर ज्या शब्दासाठी ते रचलं नाही त्यालाही ते लागू पडलं पाहिजे. ते आपण तपासू शकतो. 'चत्वारिंशत्' ही 'चत्वारि' चीच लेक, म्हणून चाळिसाचा च तालव्य असायला हवा. 'चाळीस' म्हणून पाहा: तालव्य. शेजारी 'गिरगावातली च़ाळ' म्हणा, फरक कानात भरेल. आता 'चव्वेचाळीस' घ्या. पहिला भाग 'चतुः' चा, दुसरा 'चत्वारिंशत्' चा. म्हणजे एकाच आकड्यात आधी दंततालव्य आणि मग तालव्य च यायला हवा. जुन्या वळणाचं मराठी बोलणाऱ्या कुणाला तरी पाढे म्हणायला सांगा आणि अकरा चोक चव्वेचाळीस कानावर पडेल तेव्हा लक्ष द्या: च़व्वेचाळीस. 'काही शब्दांत झालं, काहींत नाही' असं म्हणून ही गोष्ट सांगता आली नसती. नियम आणि त्याची अट घट्ट धरली म्हणूनच ती हाती आली.

हे सगळं शेकडो वर्षांपूर्वीचं झालं. पण नियम खरोखर ध्वनीला लागतो, शब्दाला नाही, याचा एक पुरावा आपल्या डोळ्यांदेखत आहे, आणि तो मला सगळ्यात भक्कम वाटतो. लिहिण्यातलं 'ओझे' बोलण्यात 'ओझं' झालं. शेवटचा ए गेला आणि त्याच्या जागी अ आला. 'ओझे' मधला झ तालव्य आहे. 'ओझं' म्हणताना तो कुठे जातो ते पाहा: दातांच्या मुळाशी. 'माझे' आणि 'माझं', 'कच्चे' आणि 'कच्चं', 'त्याचे' आणि 'त्याचं', सगळीकडे तेच. स्वर बदलला तसं व्यंजन त्याच्यामागे गेलं.

यावर कुणी म्हणेल की 'माझं' मध्ये 'माझा' ची नक्कल झाली आणि 'कच्चं' मध्ये 'कच्चा' ची. ती पुल्लिंगी रूपं आधीपासून दंततालव्यच होती. ही शंका रास्त आहे. पण 'ओझं' ला पुल्लिंगी रूप नाही. त्याची बाकीची रूपं म्हणजे 'ओझी', 'ओझ्याला', 'ओझ्याखाली', आणि या सगळ्यांत झ तालव्य आहे. नक्कल करायला दंततालव्य शेजारी कुणीच नव्हता. तरी 'ओझं' गेलं ते दंततालव्याकडे. ही गोष्ट कुणी त्या शब्दाला शिकवलेली नाही. पुढे अ आला आणि जीभ पुढे सरकली, एवढंच.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा बघू. विल्यम वांग यांनी 1969 मध्ये असं मांडलं की उच्चारातला बदल झटक्यात होऊ शकतो, पण शब्दसंग्रहात तो हळूहळू पसरतो. आणि तो पसरत असताना दुसरा बदल आडवा आला तर काही शब्द कायमचे मागे राहतात. पुढे त्यांनी आणि चिन-चुआन चेंग यांनी दक्षिण चीनमधल्या चाओझोऊ बोलीचं उदाहरण दिलं. चिनीत शब्दाचा सूरही अर्थ ठरवतो. जुन्या चिनीतल्या एका विशिष्ट सुराचे, घोष व्यंजनानं सुरू होणारे शब्द चाओझोऊमध्ये दोन वेगळ्या सुरांत विभागले गेले, जवळपास निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे. पूर्वी तंतोतंत एकसारखे असलेले शब्दसुद्धा फुटले: एक या सुरात, दुसरा त्या सुरात. ध्वनीची कुठलीही अट लावून ही फाळणी समजावता येत नाही, कारण मुळात दोन्ही शब्दांचा ध्वनी एकच होता.

हे वाचताना मला 'वाचा' आणि 'वाच़ा' आठवतात. आपल्याकडेही एकसारखं रूप दोन उच्चारांत आहे, आणि तरी ते शब्दशः प्रसरण नाही. चाओझोऊबद्दल पुढे हाच आक्षेप आला. दक्षिण चीनच्या बोलींमध्ये एकाच अक्षराचं एक वाचन बोलीतलं असतं आणि एक ग्रंथातलं, उत्तरेकडच्या प्रतिष्ठित भाषेतून आलेलं. दोन थर एकमेकांत मिसळले की शब्द निम्मे-निम्मे विभागलेले दिसणारच. ज्यांच्या भाषेत तत्सम आणि तद्भव शेजारी शेजारी नांदतात त्यांना हा आक्षेप पटायला वेळ लागू नये. त्यामुळे चाओझोऊ हे शब्दशः प्रसरणाचं निर्णायक उदाहरण आहे, असं मी मानत नाही.

बोलींच्या नकाशांबद्दलही मला असंच म्हणायचं आहे. लेस्किन यांनी अपवाद नसतात असं लिहिलं त्याच 1876 साली गेओर्ग व्हेंकर यांनी ऱ्हाइनकाठच्या शाळामास्तरांना वाक्यं पाठवून ती गावच्या बोलीत लिहून मागवली. पुढे नकाशे तयार झाले तेव्हा दिसलं की एकाच जुन्या बदलाची रेषा प्रत्येक शब्दासाठी वेगळ्या गावाहून जाते. कलोनच्या बोलीत 'पाणी' या अर्थाचा शब्द नव्या उच्चारानं येतो, आणि 'ते' या अर्थाचा 'डाट' जुन्या उच्चारानं राहतो. हे नवव्याकरणकारांच्या विरोधातलं ठळक उदाहरण म्हणून सांगितलं जातं. पण हा प्रदेश दोन बोलींच्या सीमेवरचा आहे. तिथे शब्द व्यापाऱ्यांबरोबर, बाजारातून, लग्नसंबंधातून आले, आणि प्रत्येकानं आपापली वाट चालली. बदल जिथे जन्मला तिथे तो कसा वागला, हा प्रश्न वेगळा आहे. जन्म आणि प्रवास या दोन गोष्टी एकाच नकाशावर उमटतात म्हणून एक होत नाहीत.

मग शब्दशः प्रसरण खोटंच का? नाही. ते कुठे खरं आहे हे विल्यम लेबोव्ह यांनी 1981 मध्ये फार नेमकं दाखवलं, आणि माझं मत बनलं ते त्यांच्या त्या कामावरून. त्यांनी फिलाडेल्फिया शहराचं इंग्रजी तपासलं. तिथे 'बोट', 'गो' अशा शब्दांतला स्वर तोंडात पुढे सरकत होता. उपकरणानं मोजल्यावर दिसलं की हा स्वर थोडा थोडा सरकतोय आणि त्याच शेजाऱ्यांसोबतचे सगळे शब्द बरोबर सरकताहेत. कोणताही शब्द एकटा पुढे धावत नाही, एकटा मागेही राहत नाही. नवव्याकरणकारांनी सांगितलं होतं तसंच. पण त्याच शहरात, त्याच माणसांच्या तोंडी, 'ॲ' या स्वराचे दोन प्रकार झाले होते, एक ताणलेला आणि एक सैल. ड च्या आधी हा स्वर सैल असतो, 'सॅड' आणि 'डॅड' मध्ये आहे तसा. पण 'मॅड', 'बॅड' आणि 'ग्लॅड' या तीनच शब्दांत ताणलेला. 'मॅड' आणि 'सॅड' मध्ये ध्वनीची अशी कोणतीही अट सापडत नाही, जी त्यांना वेगळं ठेवेल. बाहेरून आलेला थर नाही, नक्कल करायला शेजारी नाही. तिन्ही दारं बंद झाल्यावर उरतो तो शब्द.

लेबोव्ह यांनी यातून भेद काढला. ध्वनी थोडा थोडा सरकत असतो तेव्हा बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, म्हणून शब्द निवडण्याचा प्रश्नच येत नाही आणि बदल नियमित होतो. पण भाषेत आधीच दोन वेगळे ध्वनी रुजलेले असतात, आणि बदल म्हणजे एकाच्या जागी दुसरा ठेवणं असतं, तेव्हा ते शब्दागणिक घडतं. कारण कोणत्या शब्दात कोणता ध्वनी हे तोपर्यंत माणूस त्या शब्दाबरोबरच लक्षात ठेवू लागलेला असतो.

हा भेद मराठीला लावला की माझ्या मते एक महत्त्वाची गोष्ट उलगडते. च पहिल्यांदा च़ होऊ लागला तेव्हा तो वेगळा ध्वनी नव्हता, फक्त अ आणि उ च्या शेजारी जिभेचं पुढे सरकणं होतं. तेव्हा नियम चोख चालला. नंतर तत्सम शब्द आले, 'च्यार' मधला य गळला आणि 'वाचा' आणि 'वाच़ा' असे अर्थ वेगळे करणारे जोड तयार झाले. त्या क्षणापासून मराठीत दोन च आहेत आणि प्रत्येक शब्दाला आपला च लक्षात ठेवावा लागतो. म्हणजे इथून पुढे बदल झालाच तर तो शब्दशः होईल, असं लेबोव्ह यांच्या भेदावरून आधीच सांगता यायला हवं.

आणि तसा बदल होताना मी ऐकतोय. माझी भाची पुण्यात वाढतेय. एकदा ती मराठीच्या पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत होती. बैलाच्या मानेवरचं 'जोखड' तिनं 'जेवण' मधल्या ज नं वाचलं, मग 'जोंधळा' तसाच, 'चऱ्हाट' तसंच. माझ्या आईनं तिथल्या तिथे दुरुस्त केलं: ज़ोखड, ज़ोंधळा, च़ऱ्हाट. मुलीला च़ आणि ज़ म्हणता येत नाहीत असं मुळीच नाही. त्याच दुपारी ती 'ज़ोरात पळ', 'ज़ोडी ज़मली', 'च़ूक झाली' असं अगदी आईसारखं बोलत होती. 'ज़ोरात' आणि 'जोखड' मध्ये ज च्या पुढचा स्वर तोच ओ आहे. फरक एवढाच की 'ज़ोरात' तिनं कानानं शिकलंय आणि 'जोखड' डोळ्यानं. छापील अक्षर कोणता ज हे सांगत नाही. शहरातल्या मुलाच्या आसपास हिंदी आणि इंग्रजीतला तालव्य ज भरपूर असतो, म्हणून अनोळखी शब्दाला तोच मिळतो.

इथेही तिन्ही दारं ठोठावायला हवीत, आणि उसनवारीचं दार पूर्ण बंद नाही हे मी मान्य करतो. भाचीनं 'जोखड' एका अर्थी छापील मराठीकडून उसनंच घेतलं. पण खूण बघा. हा नियमित बदल असता तर तिच्या 'ज़ोरात' मधलाही ज थोडा मागे सरकलेला मिळाला असता आणि सगळे शब्द मिळून अधल्या-मधल्या जागी सापडले असते. तसं नाही. शब्दांचे दोन ढीग आहेत, एक पूर्ण दंततालव्य आणि एक पूर्ण तालव्य, आणि प्रत्येक वेळी एकेक शब्द इकडून उचलून तिकडे ठेवला जातोय. आधी कमी वापरातले शब्द जाताहेत. 'जा', 'जवळ', 'चांगला', 'चूक' हे रोजचे शब्द शेवटपर्यंत टिकतील असं मला वाटतं, कारण ते मूल वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी तोंडात बसलेले असतात.

वापराचं हे वजन बदलाच्या प्रकाराप्रमाणे उलटही पडतं. बोलण्याच्या घाईत झिजण्याचा बदल असेल तर सगळ्यात आधी रोजचे शब्द झिजतात. इंग्रजीत 'एव्हरी' मधला मधला स्वर केव्हाच गेला आणि 'मॅमरी' सारख्या कमी वापरातल्या शब्दात तो अजून ऐकू येतो. हे पाहिल्यावर मला पुन्हा 'चार' कडे वळावंसं वाटतं, कारण वर त्याची एक अडचण मी पटकन ओलांडली. 'चत्तारि' मधला जोड-त गेला कसा? प्राकृतातला जोड-त मराठीत एरवी टिकतो. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'भक्त', 'भत्त', 'भात'. त्या नियमानं चारात कुठेतरी त असायला हवा होता. तो नाही, आणि हिंदी, गुजराती, बंगाली यांच्या 'चार' मध्येही नाही. म्हणजे हे मराठीच्या आधी, फार जुन्या काळात घडलं. नवव्याकरणकार म्हणेल की शेजारच्या 'चउ' च्या प्रभावानं त गळला, आणि ते अशक्य नाही. पण मोजताना रोज शेकडो वेळा, भराभर, ओळीनं म्हटला जाणारा आकडा इतर शब्दांच्या आधी झिजला, हेही तितकंच शक्य आहे. चारचा च नियमानं सुटला. त्यातला हरवलेला त मात्र मला अजून नियमानं सोडवता आलेला नाही, आणि तो सुटला असं म्हणायला मी तयार नाही.

भाचीच्या तोंडचा बदल मात्र आपल्याला घडताना पकडता येईल, फक्त त्यासाठी आत्ताच ऐकायला हवं. छापील मजकुरातून उद्याच्या अभ्यासकाला त्याचा मागमूस मिळणार नाही, 'च्यार' चा मिळाला तसा, कारण 'जोखड' कालही तसंच लिहिलं जात होतं आणि आजही तसंच लिहिलं जातं. शब्दांची यादी घेऊन आजी, आई आणि नात एकाच घरात बसवून प्रत्येकीकडून तेच शब्द म्हणवून घ्यायचे, चित्रं दाखवून, लिहिलेलं न दाखवता. च़ाक, च़ुना, च़ौकट, च़ऱ्हाट. ज़ू, ज़ोखड, ज़ोंधळा, ज़ावई, ज़ुना. मी माझ्या घरापासून सुरुवात केली आहे. 'च़ौकट' अजून तिघींचीही एकच आहे. 'चुना' ला भाची अडखळली, दोन्ही म्हणून पाहिले आणि आजीकडे बघितलं.